मोबाईल-टीव्हीशिवाय दुपार: लहान फ्लॅट आणि तीन वर्षांचे मूल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे मूल सकाळी छान असते, मग दुपारीच इतके का कुरकुरते?

तिसऱ्या वर्षाच्या आसपास बऱ्याच मुलांची दुपारची झोप डळमळू लागते. ती एक दिवस येते आणि पुढचे दोन दिवस येत नाही, परंतु थकवा मात्र रोज येतो. बालवाडी बाराच्या सुमारास सुटते, जेवण एक वाजता होते, आणि दोन ते पाच हा वेळ बाहेर जाण्यासारखा नसतो, कारण उन्हाळ्यात ऊन असते, पावसाळ्यात पाऊस असतो आणि इमारतीखाली गाड्या लावलेल्या असतात. घरातील मोठी माणसेही नेमकी याच वेळी दमलेली असतात. मोबाईल मुलाच्या हातात जातो तो बहुतेक घरांत याच तीन तासांत, आणि म्हणूनच या पानावर फक्त याच तीन तासांचा विचार केला आहे.

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आहे. दुपारच्या खेळांची लांबलचक यादी मागणाऱ्या पालकांना मी नेहमी एकच गोष्ट सांगत आले आहे: खेळ तीन-चारच असू द्यावेत, पण त्यांचा क्रम ठरलेला असावा. आधी अंग दमवणारा खेळ, मग हाताचे काम, मग विसावा. हा क्रम उलटला, म्हणजे अंगात रग असताना मुलाला चित्र रंगवायला बसवले, तर चांगल्यातला चांगला खेळही पाच मिनिटांत फसतो आणि पालकांना वाटते की आपले मूल एका जागी बसतच नाही.

डॉक्टर किती वेळ स्क्रीन चालेल असे सांगतात? आणि किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तितका बरा. दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी, त्यांपैकी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी असावी, आणि दुपारची धरून 10 ते 13 तास झोप मिळावी. हे 180 मिनिटांचे गणित पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण घरात इकडून तिकडे सामान नेणे, जिना चढणे, पोछा मारणे हे सगळे त्यात धरले जाते. दम लागणारा तास मात्र लहान फ्लॅटमध्ये आपोआप होत नाही. तो घडवून आणावा लागतो, आणि त्यातली वीस मिनिटे तरी दुपारी काढता येतात.

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये अंग दमवणारा खेळ कसा खेळायचा? खालचे शेजारी तक्रार करतात.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो उड्यांचा आणि धावण्याचा, कारण टाच जमिनीवर आदळते. हात आणि पाय दोन्ही जमिनीवर टेकवून केलेली हालचाल जवळजवळ नि:शब्द असते आणि धावण्यापेक्षा लवकर दमवते. म्हणून बेडकाच्या उड्यांऐवजी खेकड्याची चाल घ्यावी. त्यासाठी मुलाने पाठ जमिनीकडे आणि पोट वर करून हातापायांवर मागे सरकायचे असते. हत्तीची चाल, म्हणजे गुडघे न टेकवता हातापायांवर चालणे, हीही तितकीच उपयोगी आहे. कॉटखाली जागा असेल तर तिथून सरपटत जाणे हा मुलांचा अतिशय आवडता भाग असतो. त्याआधी खालची धूळ पुसून घ्यावी आणि कॉटच्या कडांना खिळा वर आलेला नाही ना, हे हाताने तपासावे.

याच्या जोडीला ओझे वाहण्याचे काम द्यावे. अर्ध्या किलोची तूरडाळीची न फोडलेली दोन पाकिटे स्वयंपाकघरातून हॉलमध्ये एकेक करून नेणे आणि पुन्हा जागेवर ठेवणे, वाळलेल्या कपड्यांची बादली ओढत कपाटापर्यंत नेणे, चादरीवर उशा ठेवून ती गाडीसारखी ओढणे अशी ही कामे आहेत. ढकलणे, ओढणे आणि उचलणे यांनी स्नायूंना जो ताण मिळतो, त्यानंतर मूल शांत होते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे. ओझे मुलाला दोन हातांनी उचलता येईल इतकेच असावे. पाठ मागे वाकवून ते चालू लागले तर ओझे जास्त झाले असे समजावे.

हा भाग पंधरा ते वीस मिनिटे पुरतो. मूल स्वतःहून बसले, श्वास मोठा झाला आणि गाल तापले की तो थांबवावा. हसण्याचे रूपांतर किंचाळण्यात होऊ लागले आणि मूल वारंवार अडखळून पडू लागले, तर आपण पाच मिनिटे आधीच थांबायला हवे होते. दुसऱ्या दिवशी तेवढे लक्षात ठेवावे.

या खेळांच्या वेळी खिडकीखाली कॉट, खुर्ची किंवा चढता येईल असे काहीही नसावे. ग्रिल असली तरीही हे पाळावे, कारण ग्रिलच्या आडव्या पट्ट्या मुलांना शिडीसारख्याच वाटतात.

हाताच्या कामांत सर्वांत जास्त वेळ मूल कशात रमते?

माझ्या अनुभवात पाण्यात. तरीही पाण्याचा खेळ बहुतेक घरांत दोन दिवसांत बंद पडतो, आणि त्याचे कारण पाण्याचे प्रमाण हे असते. बादलीभर पाणी दिले तर मूल खेळत नाही, भिजते. एक लिटर पाणी दिले तर ते ओतू लागते.

मांडणी अशी करावी. मोरीत किंवा बाल्कनीत, आणि दोन्ही नसतील तर हॉलमध्ये जुन्या मेणकापडावर एक मोठी परात ठेवावी. परातीत दोन फुलपात्रे, एक गाळणी, एक रिकामी वाटी आणि स्पंजचा एक तुकडा ठेवावा. पाणी एका फुलपात्रात अर्ध्यापर्यंतच भरावे आणि उरलेले आपल्याजवळ तांब्यात ठेवावे. भरलेला तांब्या मुलाला देऊ नये, कारण तो एक किलोपेक्षा जड होतो आणि मनगट त्याला आवरू शकत नाही. मग पाणी सांडते आणि मूल हिरमुसते. आपण एकदाच, हळू आणि न बोलता, एका फुलपात्रातून दुसऱ्यात पाणी ओतून दाखवावे. बोलत दाखवले तर मूल आपल्या तोंडाकडे पाहते आणि हाताकडे पाहायचे राहून जाते.

ओतणे जमले की काही दिवसांनी रुंद वाटीऐवजी अरुंद तोंडाची बाटली आणि नरसाळे द्यावे. त्यानंतर स्पंज भिजवून दुसऱ्या भांड्यात पिळणे द्यावे. त्याने तळहाताची आणि बोटांची ताकद वाढते, आणि तीच ताकद पुढे बटणे लावताना आणि पेन्सिल धरताना उपयोगी पडते. सर्वांत शेवटी चार वाट्या धुण्याचे खरे काम द्यावे. हे सगळे टप्पे एकाच आठवड्यात उरकू नयेत. ज्या मुलाला ओतणेच आवडते आहे, त्याला महिनाभर ओतू द्यावे.

मूल पाणी उडवू लागले तर रागावण्याऐवजी पाणी निम्मे करावे. तरीही उडवत राहिले तर खेळ शांतपणे उचलावा आणि उद्या पुन्हा मांडावा. जमिनीवर सांडलेले पाणी पुसण्यासाठी मुलाच्या हाताला येईल असा छोटा पंचा परातीशेजारी आधीच ठेवावा, कारण पुसणे हा या खेळाचाच भाग आहे.

एका गोष्टीबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. पाण्याजवळ मुलाला एक क्षणही एकटे सोडू नये, दाराची बेल वाजली तरीही. अनेक शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि घराघरांत बादल्या, पिंपे भरून ठेवलेली असतात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि हे आवाज न होता घडते. भरलेल्या बादल्यांवर घट्ट झाकण असावे आणि मोरीच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी असावी.

कडधान्ये वेगवेगळी करण्याचा खेळ सगळीकडे सुचवला जातो. तो द्यावा का?

तीन वर्षांच्या मुलाला मी तो देत नाही. राजमा, छोले, चवळी आणि वाल यांचा आकार नाकपुडीत आणि कानात बरोबर जाईल असाच असतो. एकदा आत गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते. हरभरे आणि शेंगदाणे घशात अडकण्याची भीती वेगळीच. मूल शहाणे आहे, तोंडात घालत नाही, असे पालक खात्रीने सांगतात, आणि बहुतेक दिवस ते खरेही असते. दाणा नाकात गेल्याचे दिसले तर बोटाने किंवा चिमट्याने काढू पाहू नये, कारण तो आणखी आत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलेले असण्याची शक्यता असते, हेही लक्षात ठेवावे. खेळण्यांतील किंवा रिमोटमधील बटणासारखी चपटी बॅटरी नाकात, कानात वा पोटात गेली असेल, किंवा तसा नुसता संशय असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे एक तासही थांबणे धोक्याचे असते.

कडधान्यांच्या खेळात मुलाला जे मिळते तेच भाजी निवडताना मिळते. मेथीची किंवा कोथिंबिरीची अर्धी जुडी, एक ताट आणि दोन वाट्या द्याव्यात. एका वाटीत पाने जातील आणि दुसरीत देठ. पान खुडण्यासाठी अंगठा आणि तर्जनीची तीच चिमूट लागते, वास आहे, हिरवेपणा आहे, आणि संध्याकाळी ताटात ती भाजी आल्यावर मूल घरातल्या सर्वांना सांगते की ही मी निवडली आहे. भाजीला दोरा, रबर किंवा तार बांधलेली असेल तर ती आधी काढून टाकावी. बाजारातून आणलेल्या पिशवीतील कांदे आणि बटाटे वेगळ्या टोपल्यांत लावणे हेही चांगले काम आहे.

कणकेचा गोळा दिला तर पाच मिनिटांत "आई, चिकटतंय" अशी हाक येते. काय चुकते?

गोळा सैल असतो. पोळ्यांसाठी भिजवलेली मऊ कणीक मुलाच्या हाताला चिकटते, त्याला हवा तो आकार धरत नाही आणि दर मिनिटाला मोठ्यांची मदत लागते. खेळण्यासाठी कणीक पुरीच्या पिठासारखी घट्ट हवी. एक वाटी गव्हाच्या पिठात चिमूटभर हळद आणि एक चमचा तेल घालावे आणि पाणी थोडे थोडे घालत भिजवावे. साधारण अर्ध्या वाटीपेक्षा कमीच पाणी लागते, पण ते पिठावर अवलंबून असते. दहा मिनिटे झाकून ठेवून पुन्हा मळावे. अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहिला आणि अंगठा कोरडा निघाला, की गोळा तयार झाला.

बरेच दिवस टिकावे म्हणून वाटीभर मिठाचा गोळा करण्याची पद्धत आहे. लहान मुलाने तो खाल्ला तर इतके मीठ पोटात जाणे धोक्याचे आहे, म्हणून मी तो टाळते. साधी कणीक डब्यात घालून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. आंबट वास आला की टाकून द्यावी. गव्हाची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी तांदळाच्या पिठाची उकड, पूर्ण गार झाल्यावर, वापरता येते.

सोबत छोटे पोळपाट-लाटणे, एक वाटी आणि डब्याचे एक झाकण पुरते. साचे देऊ नयेत असे माझे मत आहे. साचा दाबला की फूल तयार होते आणि मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. नुसत्या गोळ्यातून आधी भोके पडतात, मग साप होतात, मग गोळ्या होतात, आणि एखाद्या दिवशी त्या गोळ्या वाटीत भरून "आजी, तुझ्यासाठी लाडू" असे म्हणत मूल भातुकलीत शिरते. इथे आपण फक्त लाडू खाल्ल्याचे नाटक करावे आणि पुन्हा बाजूला व्हावे.

मूल एकटे खेळतच नाही, सतत "तू ये" म्हणते. आम्ही सारखे त्याच्याबरोबर बसायचे का?

सुरुवातीची सात-आठ मिनिटे पूर्ण बसावे. याच वेळी पालक एकीकडे कुकर लावत, एकीकडे फोन पाहत खेळ मांडतात आणि मग मूल वारंवार बोलावते. आधी पूर्ण लक्ष मिळाले की नंतर दूर होणे त्याला सोसते. त्यानंतर त्याच खोलीत, दिसेल अशा ठिकाणी, आपले स्वतःचे हाताचे काम घेऊन बसावे. घड्या घालणे, लसूण सोलणे, वही लिहिणे यांपैकी काहीही चालेल. मुलाने हाक मारली तर उत्तर द्यावे, पण काम हातातच ठेवावे. आपण फोन घेऊन बसलो तर मात्र मूल खेळ सोडून येते, कारण त्या पेटीत काय आहे हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते.

खेळाच्या मधे प्रश्न विचारू नयेत. "हा कोणता रंग? हे किती झाले?" असे विचारले की मुलाची तंद्री मोडते आणि खेळाची परीक्षा होते.

घर लहान आहे, पसारा कुठे करू द्यायचा?

एक सतरंजी ठरवावी. ती अंथरली की खेळ सुरू, गुंडाळली की संपला. सतरंजीवर एका वेळी एकच ताट किंवा परात यावी. बाकीची खेळणी कपाटात बंद असलेली बरी. सहा-सात वस्तू बाहेर ठेवून दर पंधरा दिवसांनी त्यांतील दोन-तीन बदलल्या तरी पुरते.

आता मूल दुपारी झोपत नाही. विसावा कसा मिळणार?

झोपेची सक्ती करू नये, पण पडून राहण्याची वेळ वगळू नये. पडदे ओढून, पंखा लावून, गादीवर मूल आणि मोठे माणूस दोघांनी अर्धा तास पडावे. दोन-तीन चित्रांची पुस्तके उशाशी असावीत. ऐकवायची गोष्ट रोज तीच असली तरी चालते, किंबहुना तीच असावी, कारण पुढे काय होणार हे माहीत असल्यानेच मूल सैलावते. जे मूल त्यात झोपी जाते त्याला झोपू द्यावे, मात्र चारनंतरची झोप रात्रीची झोप पुढे ढकलते, म्हणून विसावा अडीचच्या सुमारास सुरू करावा.

एखाद्या घरातील प्रत्यक्ष दुपार कशी असते, ते सांगाल का?

डोंबिवलीतील एक वन बीएचके घर, तीन वर्षे दोन महिन्यांची मुलगी, आणि दुपारी सांभाळणारी आजी. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही. जेवताना मोबाईल लागे आणि तो पाचपर्यंत सुटत नसे.

पहिल्या आठवड्यात आम्ही जेवतानाची सवय बदलायला गेलोच नाही. फक्त जेवण संपल्यावर दीड वाजता मोबाईल कपाटात, मुलीला न दिसेल असा ठेवायचा, इतकेच ठरवले. दीड वाजता मुलगी धुतलेले टॉवेल दोन-दोन करून मोरीजवळच्या दोरीपासून कॉटवर नेत असे आणि आजी कॉटवर बसून घड्या घालत. मग हत्ती होऊन हॉलच्या चार फेऱ्या होत. दोनच्या सुमारास आजी खुर्चीत, समोर पाटावर परात, आणि मुलगी पाटाजवळ उभी. खुर्ची आणि पाट यांच्या उंचीमुळे आजींना वाकावे लागत नव्हते आणि मुलगी हाताच्या अंतरावर राहत होती. अडीच-पावणेतीनला दोघी आडव्या होत. साडेतीनला दूध-केळे, आणि मग भाजी निवडणे किंवा कणीक, पाच वाजता आई येईपर्यंत.

पहिले तीन दिवस मुलगी कपाटासमोर रडली. दुसऱ्या दिवशी रडणे अर्धा तास चालले आणि आजींनी मोबाईल काढून दिला. तिसऱ्या दिवशी ती त्यामुळेच अधिक रडली, कारण अर्धा तास रडले की मोबाईल मिळतो हे तिला कळले होते. यात आजींचा दोष नव्हता. एकटीने ते रडणे ऐकणे फार कठीण असते. चौथ्या दिवशी आईने अर्धी रजा घेतली आणि तो वेळ दोघींनी मिळून काढला. मुलगी रडत असताना आईने "तुला मोबाईल हवा आहे, तो आता नाही" इतकेच म्हटले आणि तिला जवळ बसू दिले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुलगी जेवण झाल्यावर स्वतः सतरंजी ओढत आणू लागली. शनिवार-रविवारी मात्र पाहुणे आले की घडी विस्कटत असे, आणि सोमवारी पुन्हा थोडे रडणे होत असे.

सगळे करूनही मूल एकाही खेळात दोन मिनिटे थांबत नाही. काळजी करावी का?

आधी साध्या गोष्टी पाहाव्यात: शू-शी, भूक, तहान, उकाडा, आणि आदल्या रात्रीची अपुरी झोप. खेळ सोपा किंवा अवघड पडतो आहे का, हेही तपासावे. मात्र तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, किंवा बाहुलीला जेवू घालण्यासारखा खोटा-खोटा खेळ कधीच खेळत नसेल, तर खेळ बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आवराआवर कोणी करायची?

मूल आणि मोठे माणूस, दोघांनी. "सगळे आवर" ही सूचना तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. "फुलपात्रे ओट्यावर ठेव, मी परात उचलते" ही कळते. पाणी मुलानेच मोरीत ओतावे, पंचा दोरीवर टाकावा, आणि सतरंजीची एक बाजू त्याने व दुसरी आपण धरून ती गुंडाळावी. गुंडाळी वाकडी होईल. ती मुलादेखत पुन्हा सरळ करू नये.